बरे झालेल्या पिल्लाला पुन्हा झटके का येतात?

समजा, इंदापुरातल्या तुमच्या चार महिन्यांच्या पिल्लाला डिस्टेंपर झाला. ताप आणि नाकातले पाणी थांबून ते खाऊ लागले. तीन आठवड्यांनी त्याचा पाय झोपेतही उडू लागला, झटके आले. कारण शरीरातून हटलेला विषाणू मेंदूत टिकून राहू शकतो. रक्तातली प्रतिपिंडे तिथे पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणूनच यावेळी नाकातल्या स्रावाची चाचणी निगेटिव्ह आली, तरी डिस्टेंपर नाही असे ठरत नाही.

डिस्टेंपरमुळे माणसे आजारी पडत नाहीत, पण झटके रेबीजमध्येही येतात. पिल्लू चावले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुवा. त्याच दिवशी बारामती किंवा इंदापूरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. पिल्लाच्या रिपोर्टसाठी थांबू नका.