‘कधीतरी बोलूया’ म्हणता म्हणता गप्पा थांबतात. भाषेच्या जोडीदाराला दर आठवड्याच्या सरावाचा मेसेज कसा पाठवायचा?

“हाय, कशी आहेस?”

“मी छान. तू?”

“मीपण छान. कधीतरी कॉलवर बोलूया.”

“हो, नक्की!”

त्यानंतर दोन्हीकडे शांतता. टँडम किंवा हॅलोटॉकसारख्या ॲपवरून परकी भाषा शिकणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. ओळख होते, चार दिवस चॅटिंग होतं आणि बोलायची वेळ आली की गाडी अडते. बहुतेकदा दोघांनाही बोलायचं असतं, पण कधी, किती वेळ आणि कोणत्या भाषेत हे कुणीच ठरवलेलं नसतं. एक नीट लिहिलेला मेसेज हे काम करू शकतो. तो कसा लिहायचा, ते एका उदाहरणातून पाहू.

आधी टँडम म्हणजे काय?

टँडम म्हणजे दोघांनी मिळून पेडल मारायची सायकल. भाषा शिकण्यात याचा अर्थ असा की तुमची मातृभाषा समोरच्याला शिकायची आहे आणि त्याची तुम्हाला. कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत, वेळ द्यायचा. जर्मनी आणि फ्रान्समधल्या तरुणांच्या भेटीगाठींमधून ही पद्धत रुजली, पुढे विद्यापीठांनी उचलली आणि नंतर ती ॲपवर आली.

या पद्धतीचे दोन नियम आहेत. पहिला, दोघांना सारखाच फायदा झाला पाहिजे. दुसरा, आपल्याला काय शिकायचंय हे ज्याचं त्याने ठरवायचं. समोरचा शिक्षक नाही, त्यामुळे तो अभ्यासक्रम आखून देणार नाही. मेसेजमध्ये हेच दोन नियम साध्या शब्दांत उतरवायचे असतात.

उदाहरण काय आहे?

समजा, पुण्यातली एक नर्स जर्मन शिकतेय. ऑगस्टच्या शेवटी तिची ग्योथे संस्थेची बी-१ परीक्षा आहे. या परीक्षेचे वाचन, ऐकणे, लेखन आणि बोलणे असे चार भाग असतात. प्रत्येक भागाला १०० पैकी ६० गुण लागतात. वाचन-लेखन तिचं बरं आहे, पण बोलताना जीभ अडखळते.

लाइपझिगमधली तिची जोडीदार मराठी शिकतेय. तिचं सासर कोल्हापूरचं. सासूबाईंशी फोनवर बोलताना मधे नवऱ्याने भाषांतर करायला नको, एवढीच तिची इच्छा आहे. दोघी दोन आठवडे चॅटवर बोलत आहेत. मग पुण्याहून हा मेसेज जातो:

> हाय! आपण दोन आठवडे टाइप करतोय. आता दर आठवड्याला बोलूया का? मी असं ठरवलंय, तुला जमतंय का बघ.
>
> दिवस: शनिवार. पहिला कॉल ६ जूनला. तुझ्याकडे १७:००, माझ्याकडे २०:३०.
>
> वेळ: एक तास. २५ मिनिटं जर्मन, २५ मिनिटं मराठी. उरलेली १० मिनिटं चुका लिहायला. एका आठवड्यात जर्मन आधी, पुढच्या आठवड्यात मराठी आधी.
>
> माझं काम: ऑगस्टमध्ये बी-१ आहे. मला एखादा कार्यक्रम दोघांनी मिळून ठरवायचा सराव हवा. आणि माझी एकच चूक पकड: क्रियापद चुकीच्या जागी गेलं तर.
>
> तुझं काम तू सांग. सासूबाईंशी बोलायचा सराव हवा असेल, तर मी सासूबाई होते!
>
> माझी ड्युटी बदलते. जमणार नसेल तर शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगेन. तूही सांग.
>
> आधी चार शनिवार करून बघूया. २७ जूनला ठरवू, पुढे चालू ठेवायचं की नाही. नको वाटलं तरी काही हरकत नाही.

मेसेज मराठीत आहे, कारण वाचणारी मराठी शिकतेय. म्हणूनच वाक्यं छोटी आहेत. आता यातला एकेक मुद्दा बघू.

वेळ दोन्ही घड्याळांत का लिहायची?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. जर्मन भाषेत ‘हाल्ब आख्ट’ म्हणतात. शब्दशः ‘अर्धा आठ’. मराठी माणसाच्या डोक्यात लगेच साडेआठ येतं, पण अर्थ आहे साडेसात, म्हणजे आठ वाजायला अजून अर्धा तास आहे. उलट बाजूने जर्मन माणूस ‘साडेआठ’ ऐकून गोंधळू शकतो. त्यामुळे शब्द टाळून आकडे लिहायचे, तेही २४ तासांच्या घड्याळातले.

मराठीतला ‘परवा’ही असाच. तो कालच्या आदल्या दिवसाला चालतो आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. शिकणाऱ्याला ‘परवा बोलू’ लिहिण्यापेक्षा तारीख लिहिलेली बरी.

आणखी एक गोष्ट ऑक्टोबरपर्यंत लक्षात येत नाही. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार तास. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात, आपली बदलत नाहीत. म्हणजे जूनमध्ये लाइपझिगला १७:०० असताना पुण्यात २०:३० असतात, पण नोव्हेंबरमध्ये लाइपझिगच्या १७:०० ला पुण्यात २१:३० झालेले असतात. सराव तोवर टिकला, तर कुणाचं घड्याळ पक्कं धरायचं हे ऑक्टोबरमध्येच बोलून घ्यावं. नाहीतर एक जण तासभर आधी येऊन वाट बघत बसतो आणि दुसऱ्याला वाटतं आपण वेळेवर आहोत.

भाषांचा क्रम का बदलायचा?

अर्धा-अर्धा वेळ ठरवला तरी पहिला अर्धा भाग लांबतो. गप्पा रंगतात आणि २५ ची ३५ मिनिटं होतात. दर वेळी जर्मन आधी असेल, तर दर वेळी मराठीचीच मिनिटं कापली जातात. लाइपझिगवाली तक्रार करणार नाही, पण दोन महिन्यांनी तिला कॉलचा कंटाळा येऊ लागेल. क्रम आलटून पालटून ठेवला की तोटाही वाटून घेतला जातो. फोनवर टायमर लावला तर आणखी सोपं.

एकच चूक पकडायला का सांगायचं?

‘माझ्या सगळ्या चुका सांग’ असं बरेच जण लिहितात. ऐकायला ते प्रामाणिक वाटतं, पण प्रत्येक वाक्याला कुणी थांबवलं तर तिसऱ्या मिनिटाला बोलणाऱ्याचा धीर सुटतो. समोरचाही टोकून टोकून थकतो आणि पुढच्या वेळी काहीच सांगत नाही.

म्हणून एक चूक निवडायची. मराठीत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं. जर्मनमध्ये साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं. ‘आज मी हॉस्पिटलमध्ये काम करते’ हे जर्मनमध्ये ‘आज करते मी हॉस्पिटलमध्ये काम’ अशा क्रमाने जातं. ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, या शब्दाने सुरू होणाऱ्या उपवाक्यात मात्र क्रियापद पुन्हा शेवटी. मराठी माणसाला हा दुसरा प्रकार सवयीचा वाटतो आणि पहिल्यात तो घसरतो.

लाइपझिगवालीची अडचण वेगळी असू शकते. ‘मी भाकरी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांत क्रियापद खाणाऱ्याप्रमाणे नाही, खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलतं. जर्मनमध्ये असं काही नसतं. तिने हीच चूक निवडली, तर पुण्याच्या नर्सला नेमकं कुठे कान द्यायचा ते कळतं.

चूक बोलण्याच्या मधे सांगायची नाही. चॅटमध्ये टाइप करून ठेवायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत दोघींनी मिळून बघायची.

विषय आधी का ठरवायचा?

विषय ठरलेला नसेल तर दर शनिवारी ‘आज काय केलंस?’वरच गाडी फिरते. तेच वीस शब्द पुन्हा पुन्हा वापरले जातात.

बी-१ च्या बोलण्याच्या परीक्षेत साधारणपणे दोन परीक्षार्थी एकत्र बसतात. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं असतं. उदाहरणार्थ, दवाखान्यात असलेल्या मित्राला भेटायला कधी जायचं, काय न्यायचं. दुसऱ्या भागात एका विषयावर छोटं सादरीकरण आणि तिसऱ्यात त्यावर प्रश्नोत्तरं. पहिल्या भागाला जोडीदार लागतोच, तो आरशासमोर होत नाही. म्हणून मेसेजमध्ये नेमका तोच मागितला आहे.

मराठीच्या २५ मिनिटांत नर्स सासूबाई होते, यालाही कारण आहे. दोघी एकमेकींना ‘तू’ म्हणतात, जर्मनमध्येही ‘डू’. त्यामुळे लाइपझिगवालीला ‘तुम्ही’ची सवयच होणार नाही आणि फोनवर सासूबाईंना ‘आई, तू जेवलास का?’ असं विचारलं जाईल. यात दोन अडचणी आहेत. काही घरांत आईला ‘तू’ चालतं, पण सासूबाईंना सहसा ‘तुम्ही’च म्हणतात. शिवाय ‘जेवलास’ पुरुषाला, बाईला ‘जेवलीस’. ‘आई, तुम्ही जेवलात का?’ हे वाक्य तोंडात बसायला समोर सासूबाईच हव्यात, नाटकातल्या का असेनात.

चार आठवड्यांचीच बोली का?

‘दर आठवड्याला बोलायचं’ हे न संपणारं वचन आहे. अनोळखी माणूस त्याला हो म्हणताना बिचकतो. चार कॉलला हो म्हणणं सोपं असतं. शेवटची तारीख असल्यामुळे न पटल्यास कुणाला गायब व्हावं लागत नाही.

उत्तर काय येतं त्यावरूनही बरंच कळतं. ‘शनिवारी जमत नाही, रविवारी चालेल का?’ हे चांगलं उत्तर आहे, कारण समोरच्याने बेत मनावर घेतला आहे. ‘बघूया’ किंवा नुसता अंगठा आला, तर दोन ठरावीक वेळा देऊन एकदाच विचारावं. तरीही तेच उत्तर आलं तर दुसरा जोडीदार शोधावा.

नीट चाललंय हे कसं ओळखायचं?

चौथ्या कॉलनंतर दहा मिनिटांच्या त्या नोंदी उघडाव्यात. एकीच्या नावावर वीस ओळी आणि दुसरीच्या नावावर तीन असतील, तर एक जण शिकतेय आणि दुसरी शिकवतेय. पहिला नियम तिथेच मोडला.

दुसरी खूण इंग्रजीची. दोघींनाही इंग्रजी येत असेल तर शब्द अडला की ती हळूच आत शिरते आणि मग बाहेर जात नाही. अडलेला शब्द इंग्रजीत विचारायला हरकत नाही, पण पुढचं वाक्य ठरलेल्या भाषेतच हवं.

याची मर्यादाही आहे. नर्स मराठी बोलते तशी लाइपझिगवाली जर्मन बोलते, म्हणजे सहज, नियम माहीत नसतानाही. ‘इथे क्रियापद असंच का?’ असं विचारलं तर ती ‘असंच असतं’ म्हणेल. हे ‘का’ क्लासमध्ये विचारायचं. शनिवारचा तास फक्त तोंड उघडण्यासाठी.