व्हाईट गोल्डची अंगठी वर्षभरात पिवळट का दिसू लागते? प्लॅटिनम आणि पॅलेडियमचं काय?

साखरपुड्यात घेतलेली पांढरीशुभ्र अंगठी. वर्षभरानंतर तळहाताकडची बाजू पिवळट दिसायला लागते आणि घरात पहिला प्रश्न येतो, "सराफाने फसवलं की काय?"

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं. ती अंगठी व्हाईट गोल्डची असेल, तर असं होणारच होतं. फक्त विकताना ते कुणी सांगितलं नव्हतं.

(मराठीत 'पांढरं सोनं' म्हटलं की विदर्भातला माणूस कापसाबद्दल बोलायला लागेल, म्हणून इथे व्हाईट गोल्डच म्हणू.)

सोनं मुळात पिवळं. 18 कॅरेट व्हाईट गोल्डमध्ये 75 टक्के सोनं असतं आणि उरलेल्या 25 टक्क्यांत निकेल किंवा पॅलेडियमसारखे, सोन्याचा पिवळेपणा मारणारे धातू असतात. पण पिवळेपणा पूर्ण जात नाही. तयार धातू फिकट पिवळट किंवा करडा दिसतो. दुकानातल्या दिव्याखाली लखलखणारा पांढरा रंग असतो तो रोडियमचा. सोन्याचं पाणी देतात तसं या अंगठीला रोडियमचं पाणी दिलेलं असतं.

हा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण शंभराव्या भागाइतका. रोडियम कडक असतं, पण एवढा पातळ थर रोजच्या घासण्यापुढे किती टिकणार? बाईकचं हँडल, जिममधला बार, भांड्यांची घासणी, सगळ्यांशी गाठ पडते ती तळहाताकडच्या बाजूची. म्हणून पिवळेपणा आधी तिथे दिसतो. रोज घातलेल्या अंगठीचं पाणी सहा महिने ते दोन वर्षांत उतरतं. खात्री करायची तर दिवसाच्या उजेडात अंगठी पांढऱ्या कागदावर ठेवा आणि खालच्या बाजूचा रंग आतल्या कोपऱ्यांच्या रंगाशी ताडून पाहा. फरक दिसला तर पाणी उतरलंय, सोनं खोटं नाही.

उपाय सोपा आहे. अंगठी पॉलिश करून पुन्हा रोडियम चढवायचं. मात्र प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं सोनं घासलं जातं. साध्या वळ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. खडा बसवलेली अंगठी असेल, तर खडा धरून ठेवणारी बारीक नखं दर वेळी थोडी झिजतात. त्यामुळे पाणी द्यायला गेलात की नखं भिंगातून तपासून घ्या. निकेलच्या व्हाईट गोल्डला आणखी एक शत्रू आहे, क्लोरीन. स्विमिंग पूलचं पाणी आणि ब्लीच यांच्या वारंवार संपर्काने ताणाखाली असलेली नखं तडकू शकतात. शिवाय काहींना निकेलची ॲलर्जी असते. पाणी उतरलं की अंगठीखालची त्वचा खाजते, लाल होते. खरेदीच्या वेळीच "निकेलचं की पॅलेडियमचं?" एवढं विचारलं तर पुढचा त्रास वाचतो.

आता प्लॅटिनम. "प्लॅटिनमला ओरखडेही पडत नाहीत" ही दुकानात ऐकू येणारी सर्वांत लोकप्रिय थाप. ओरखडे पडतात, आणि लवकर पडतात, कारण निकेलच्या व्हाईट गोल्डपेक्षा दागिन्यातलं प्लॅटिनम मऊ असतं. फरक पुढे आहे. सोन्यावर ओरखडा उठतो तेव्हा थोडं सोनं निघून जातं. प्लॅटिनम चिवट असल्यामुळे ते बरंचसं बाजूला सरकतं. चिखलात बोट ओढल्यावर दोन्ही कडांना चिखल वर येतो ना, तसंच. दोन-तीन वर्षांत अंगठीची चकाकी जाऊन ती मंद, धुरकट दिसते, पण वजन जवळपास तेवढंच राहतं. बिलावर वजन लिहिलेलं असतंच, पाच वर्षांनी पुन्हा काट्यावर ठेवून पाहा. रंगही बदलत नाही, कारण तो आरपार तोच आहे. खड्याची नखं प्लॅटिनमची असणं बरं म्हणतात, ते या चिवटपणामुळे.

अडचण दुरुस्तीची आहे. सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं, प्लॅटिनम 1768 ला. गल्लीतल्या सोनाराच्या नेहमीच्या सरंजामात हे काम होत नाही. अंगठी घट्ट झाली तर ती बहुधा कंपनीकडे पाठवावी लागते आणि त्यात दिवस जातात. लग्नानंतर बोटांचा आकार बदलतो, हे लक्षात ठेवून माप घ्या.

पॅलेडियम हा प्लॅटिनमच्याच कुटुंबातला धातू. रंग नैसर्गिक पांढरा, किंचित करडा, रोडियमची गरज नाही. वजन मात्र खूप कमी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम युद्धकामासाठी राखून ठेवलं, तेव्हा तिथल्या जवाहिऱ्यांनी पॅलेडियमला हात घातला होता. पण तापवलं की ते वायू शोषतं आणि त्यावर निळसर झाक येते. त्यामुळे नेहमीच्या टॉर्चवर माप बदलायला गेलेली अंगठी डागाळून परत येऊ शकते. लेझरने जोडकाम करणारा कारागीर लागतो.

किमतीकडे वळू. समजा एकाच साच्यातली तीन साधी वळी आहेत, प्रत्येकात 0.3 घन सेंटिमीटर धातू. 18 कॅरेट व्हाईट गोल्डचं वळं भरेल सुमारे 4.6 ग्रॅम, 95 टक्के शुद्ध प्लॅटिनमचं 6.2 आणि तितक्याच शुद्ध पॅलेडियमचं 3.5 ग्रॅम. म्हणजे शुद्ध सोनं लागलं साधारण 3.45 ग्रॅम, तर प्लॅटिनम 5.9 ग्रॅम. त्यामुळे नुसता ग्रॅमचा भाव बघून चालत नाही. प्लॅटिनमचा ग्रॅमचा दर 24 कॅरेट सोन्याच्या दराच्या साधारण 58 टक्क्यांखाली असेल, तरच प्लॅटिनमच्या वळ्यातला धातू स्वस्त पडतो. त्या दिवशीचे दोन्ही दर घ्या आणि भागून बघा. 2015 पासून बहुतांश काळ सोनं प्लॅटिनमच्या वर राहिलंय, त्यामुळे 'प्लॅटिनम म्हणजे महागच' हे गणित जुनं झालं. मात्र प्लॅटिनमची घडणावळ बहुधा जास्त असते आणि मोडीला सोन्यासारखा भाव सगळीकडे मिळत नाही. उलट व्हाईट गोल्डच्या हिशेबात दर वर्षा-दोन वर्षांचं रोडियम धरायला हवं.

पॅलेडियमचा भाव तर झुल्यासारखा. ते एकेकाळी स्वस्त पर्याय म्हणून विकलं जायचं. गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये त्याची मागणी वाढली, 2019 मध्ये ते सोन्याहून महाग झालं, 2022 च्या मार्चमध्ये उच्चांकाला गेलं आणि मग जोरात कोसळलं. आपल्याकडच्या बहुतेक पेढ्यांत पॅलेडियमची अंगठी ठेवलेलीच नसते, मग मोड कोण घेणार? ब्रिटनमध्ये मात्र 2010 पासून पॅलेडियमला हॉलमार्क सक्तीचा आहे, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांसाठी तो खरा पर्याय आहे.

माझं मत विचाराल तर रोज घालायच्या, खडा असलेल्या अंगठीला प्लॅटिनम. साधं वळं हवं असेल आणि पुढेमागे मोडायची शक्यता असेल, तर व्हाईट गोल्ड, बीआयएसचं चिन्ह, 750 चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बघून. प्लॅटिनमवर इंग्रजीत पीटी आणि 950 कोरलेलं असतं. आणि बिलावर नुसतं "व्हाईट मेटल" लिहिलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी धातूचं नाव आणि शुद्धता लिहून घ्या.