मृत्युपत्र कसं वाचायचं? कुणाला काय मिळतं, एक्झिक्युटरचं काम काय आणि कोणत्या अटी टिकतात

दिवसकार्य उरकल्यावर पेटीतून एक कागद निघतो. वरती लिहिलेलं असतं 'मृत्युपत्र'. घरातले सगळे तो वाचतात आणि जो तो आपल्या सोयीचा अर्थ काढतो. भांडणाची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते. म्हणून एका शेतकरी कुटुंबाचं मृत्युपत्र समोर ठेवून ते कलमवार कसं वाचायचं ते पाहू. हे कुटुंब समजण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे, पण त्यातले नियम खरे आहेत. ते हिंदू कुटुंबांना लागू होतात. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता मृत्युपत्राने देता येत नाही, त्यामुळे तिथला हिशोब वेगळा असतो.

उदाहरणातलं घर

आजोबा वारले. मागे आजी, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी. आजोबांची आई आधीच गेलेली. मालमत्ता अशी:

- एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित ५ एकर जमीन
- आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली ३ एकर जमीन, त्यात विहीर
- स्वतः बांधलेलं घर
- बँकेत ४ लाखांची ठेव आणि बचत खात्यात ६० हजार
- घरात पडलेलं सोयाबीन, अंदाजे १ लाख ४० हजारांचं
- विकास सोसायटीचं दीड लाखाचं पीककर्ज

मृत्युपत्रात लिहिलं आहे: ३ एकर दोन्ही मुलांना निम्मी निम्मी, विहीर सामाईक. ठेव मुलीला. घरात आजीने हयातभर राहावं, नंतर घर धाकट्याला. वडिलोपार्जित जमिनीतला स्वतःचा हिस्सा आजीला. थोरल्याने आजीला दरवर्षी २४ हजार द्यावेत. कर्ज आणि खर्च बचत खात्यातून व सोयाबीन विकून भागवावा. उरलेलं सगळं आजीला. एक्झिक्युटर म्हणून तालुक्याला राहणारा भाचा.

कागद खरा धरायचा कधी?

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ नुसार मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी सही होताना पाहिलेली असावी किंवा 'ही माझी सही' असं करणाऱ्याने त्यांना सांगितलेलं असावं. आणि साक्षीदारांनी आपली सही त्याच्यासमोर करावी लागते. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असावेत असं मात्र नाही.

स्टॅम्प पेपर लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी केलेली असली तर कागद मागाहून तयार केला हा आरोप करणं अवघड जातं. तरी नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र कायमचं पक्कं होत नाही. माणूस जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं धरलं जातं. नोंदणी केलेल्या जुन्या कागदापेक्षा नंतर नीट केलेला, नोंदणी नसलेला कागदसुद्धा वरचढ ठरतो. म्हणून आधी तारीख बघा.

कोर्टात संशय कुठे घेतला जातो तेही ठाऊक असू द्या. ज्याला सगळ्यात जास्त मिळालं त्यानेच वकील आणला, त्यानेच कागद लिहून घेतला, किंवा एखाद्या वारसाला काहीच दिलं नाही आणि कारणही लिहिलं नाही, तर कोर्ट बारकाईने विचारतं. फायदा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, ते याचसाठी. साक्षीदार शक्यतो वयाने लहान घ्यावेत, कारण वाद झाला तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी किमान एकाला कोर्टात यावं लागतं.

कुणाला काय मिळालं?

आधी ३ एकर. ती आजोबांची स्वकष्टाची, म्हणून ती कुणालाही द्यायला ते मोकळे होते. दोघांना दीड-दीड एकर. आता प्रश्न कोणती दीड एकर? 'निम्मी निम्मी' एवढंच लिहिलं की बांधावर वाद ठरलेला. गट नंबर, चतुःसीमा आणि विहिरीवरच्या पाण्याची पाळी लिहिली असती तर हा प्रश्न आला नसता.

५ एकरांचा हिशोब वेगळा आहे. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत माणूस फक्त आपला हिस्सा देऊ शकतो. मुलगीही आता मुलाइतकीच हिस्सेदार आहे. २००५ च्या दुरुस्तीने हे झालं आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. आपल्याकडच्या रीतीने बाप-मुलांत वाटप झालं तर आईलाही हिस्सा असतो. म्हणजे आजोबा, आजी, दोन मुलगे, एक मुलगी असे पाच हिस्से, प्रत्येकी १ एकर. आजोबांचा १ एकर मृत्युपत्राने आजीला गेला. आजीचे २ एकर झाले, मुलांचा आणि मुलीचा १-१ एकर आहे तसाच राहिला. '५ एकर थोरल्याला' असं आजोबांनी लिहिलं असतं तरी त्यातला १ एकरच गेला असता.

इथे एक गफलत नेहमी होते. जमीन बापाकडून आली म्हणजे ती वडिलोपार्जितच, असं नसतं. बाप १९५६ नंतर वारला आणि त्याची स्वतःची जमीन वारसाने मुलाला मिळाली, तर ती सहसा मुलाची वैयक्तिक धरली जाते. हे सातबारावरून कळत नाही. जुने फेरफार काढून वकिलाला दाखवावे लागतात. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर तहसील कार्यालयात आधी चौकशी करा, कारण अशा जमिनीच्या हस्तांतरावर बंधनं असतात.

ठेवीचं सोपं आहे. ती मुलीची. ठेवीवर नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव असलं तरी नॉमिनी मालक होत नाही. तो बँकेकडून पैसे घेणारा माणूस. मृत्युपत्राप्रमाणे त्याने ते बहिणीला द्यायचे असतात.

भाच्याने काय करायचं?

एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा. तो मालक नसतो, मर्जीप्रमाणे वाटणारा पंचही नसतो. त्याला नको असेल तर तो नकार देऊ शकतो.

पहिलं काम म्हणजे यादी. काय आहे, कुणाकडून येणं आहे, कुणाचं देणं आहे. नंतर पैसे गोळा करायचे आणि देणी भागवायची. देण्यांचा क्रम कायद्याने ठरलेला आहे: आधी अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग कोर्टकचेरीचा खर्च झाला असेल तर तो, मग गड्याची किंवा मजुराची शेवटच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी, आणि मग बाकीची कर्जं. हे झाल्याशिवाय कुणालाही काही वाटायचं नसतं.

आपल्या घरात बचत खातं ६० हजार आणि सोयाबीन १ लाख ४० हजार, मिळून २ लाख. अंत्यविधीला ३० हजार गेले, सोसायटीला दीड लाख. उरले २० हजार. 'उरलेलं सगळं आजीला' असं कलम आहे म्हणून ते आजीला. हे कलम नसतं तर २० हजारांचे आजी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे वाटे झाले असते. आणि कर्ज कशातून फेडायचं हे लिहिलं नसतं, तर थोरला म्हणाला असता बहिणीच्या ठेवीतून भरा.

वाटपासाठी कायदा एक्झिक्युटरला मृत्यूपासून एक वर्षाचा अवधी देतो. तेवढ्यात 'माझा वाटा आत्ताच द्या' अशी सक्ती करता येत नाही. भाच्याने प्रत्येक पावती जपावी आणि वारसांना लेखी हिशोब द्यावा. त्याच्या चुकीने नुकसान झालं तर ते त्याला भरून द्यावं लागू शकतं.

जमिनीसाठी मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांच्या आत कळवायचं. नोटिसा निघतात, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हरकत आली तर नोंद तक्रारीच्या रजिस्टरला जाते. फेरफार झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, कारण ती नोंद महसुलासाठी असते. मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी कोर्टच ठरवतं. ग्रामीण भागातल्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही.

कोणत्या अटी टिकतात?

'थोरल्याने आजीला वर्षाला २४ हजार द्यावेत' ही अट टिकते. जमीन घ्यायची तर सोबतचा बोजाही घ्यावा लागतो. फक्त पैसे कोणत्या महिन्यात द्यायचे आणि न दिल्यास काय, हे लिहिलेलं हवं. 'आईला नीट सांभाळावं' एवढंच असेल तर नीट म्हणजे काय यावरच वर्षं जातात.

'आजीला हयातभर घर' ही अटही साधारणपणे चालते. आजी राहील, पण विकणार नाही. मात्र पत्नीचा पोटगीचा हक्क आधीपासूनच असतो. त्या हक्कापोटी घर दिलं असं कोर्टाला वाटलं तर आजी पूर्ण मालक ठरू शकते. म्हणून हे कलम वकिलाकडूनच लिहून घ्यावं.

'जमीन दिली, पण कधीच विकायची नाही' ही अट बहुतेक वेळा कोरडीच राहते. पूर्ण मालकी देऊन वर कायमचं बंधन घालता येत नाही. जमीन मिळते, बंधन गळून पडतं.

अशक्य किंवा कायद्याविरुद्ध अट असेल तर उलटं होतं, देणगीच रद्द होते. कायद्याच्या पुस्तकातच उदाहरणं आहेत: तासाभरात १०० मैल चालशील तर मालमत्ता तुझी, किंवा पुतणीने नवरा सोडला तर तिला ५,००० रुपये. दोन्ही ठिकाणी काहीच मिळत नाही.

घरात मृत्युपत्र असेल तर आज एवढं बघा: तारीख, दोन साक्षीदार, गट नंबर, कर्ज कशातून फेडायचं आणि 'उरलेलं कुणाला'. यातलं एखादं नसेल आणि करणारा माणूस अजून हयात असेल, तर कागद नवा करता येतो. तो गेल्यावर एक अक्षरही बदलता येत नाही.