मस्तिष्कमेरुद्रवातील ग्लुकोज

मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या स्वच्छ, रंगहीन द्रवातील साखरेचे प्रमाण. हा द्रव कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून काढतात. या तपासणीला रुग्णालयात 'लंबर पंक्चर' किंवा 'एलपी' म्हणतात, तर नातेवाईक 'पाठीतलं पाणी काढणं' म्हणतात. निरोगी प्रौढात या द्रवात साधारण ४५ ते ८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ग्लुकोज असते, म्हणजे रक्तातील साखरेच्या सुमारे ६० टक्के. मेंदूज्वराचा संशय असताना ते घटलेले आढळले, तर जिवाणू, क्षय किंवा बुरशी यांपैकी एखादे कारण असण्याची शक्यता वाढते. विषाणूजन्य मेंदूज्वरात ते बहुधा टिकून राहते.

नागपुरात हा फरक रोजच्या कामाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा या भागांतले रुग्ण येथील रुग्णालयांत येतात, आणि ताप, झटके, बेशुद्धी घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत दोन शक्यता एकदमच समोर असतात. एक विषाणूची. चांदीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांमध्ये प्रथम सापडला, आणि २००७ मध्ये नागपूर विभागातील मुलांमध्ये त्याच्या मेंदूज्वराचा उद्रेक झाला. दुसरी शक्यता क्षयाची. विषाणूजन्य आजारात मुख्यतः आधारोपचार करावे लागतात, तर क्षयजन्य मेंदूज्वरात औषध सुरू करायला लागलेला प्रत्येक दिवस महाग पडतो.

साखर का घटते? जंतू ती खाऊन टाकतात, हे सर्रास दिले जाणारे उत्तर अपुरे आहे. रक्तातून या द्रवात ग्लुकोज वाहक प्रथिनांमार्फत येते, आणि आवरणांना सूज आली की ही वाहतूकच मंदावते. शिवाय सुजलेला मेंदू आणि जमा झालेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनशिवायच्या मार्गाने ग्लुकोज अधिक वेगाने वापरतात, म्हणून द्रवात लॅक्टेट वाढते. ही घट जंतूंपेक्षा दाहाची निशाणी असल्याने क्षयात जंतू अगदी थोडे असूनही साखर बरीच उतरू शकते.

आकडा वाचताना सर्वाधिक चूक होते ती रक्तातली साखर न पाहिल्याने. ग्लुकोजमीटर किंवा प्रयोगशाळेसाठी रक्त एलपीच्या आधी घ्यावे. सुईच्या वेदनेने आणि भीतीने नंतरची साखर चढलेली असू शकते. दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर प्रौढात ०.४ पेक्षा कमी असेल तर जिवाणूजन्य आजाराकडे झुकते माप द्यावे. क्षयाच्या निदानासाठी २०१० मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत ०.५ पेक्षा कमी गुणोत्तर, किंवा द्रवातील ग्लुकोज सुमारे ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास एक गुण मिळतो. नवजात बालकांना मात्र प्रौढांची सीमा लागू करू नये.

नमुन्यादाखल एक कल्पित रुग्ण घेऊ. पन्नाशीतील मधुमेही गृहस्थ तीन आठवड्यांचा बारीक ताप आणि डोकेदुखी घेऊन दाखल होतात. मान थोडी ताठ आहे, आणि घरचे म्हणतात की दोन दिवसांपासून ते बडबडताहेत. एलपीपूर्वी रक्तातील साखर १९० निघते, रात्रभरच्या नोंदींतही ती याच्या आसपासच असते. द्रव स्वच्छ दिसतो. त्यात ५१ मिलिग्रॅम ग्लुकोज, १९० मिलिग्रॅम प्रथिने, आणि १८० पेशी, त्यांतील बहुसंख्य लसिका पेशी. अहवालाच्या कोपऱ्यात 'सामान्य ४० ते ७०' असे छापलेले असल्याने ५१ वर कोणतीही खूण नसते. पण ५१ ला १९० ने भागले की ०.२७ येते. साखर खरोखर घटलेली आहे, ती मधुमेहाने झाकली गेली होती. लसिका पेशी, वाढलेली प्रथिने आणि तीन आठवड्यांची कहाणी यांच्याशी ते जुळवले की क्षय पुढे येतो.

आता उलटी परिस्थिती. झटके आलेल्या मुलाला वाटेतल्या दवाखान्यात डेक्स्ट्रोज दिले गेले. नागपुरात पोचताच घेतलेल्या रक्तात साखर २१०, द्रवात ७०. गुणोत्तर ०.३३, पण रक्तातला बदल द्रवात उतरायला काही तास लागतात, आणि ७० हा आकडा डेक्स्ट्रोजपूर्वीच्या रक्ताशी जुळणारा असू शकतो. म्हणून केसपेपरवर 'डेक्स्ट्रोज किती वाजता' हे लिहिलेले असणे, माझ्या मते, ग्लुकोजच्या आकड्याइतकेच मोलाचे आहे. रक्तातील साखर तीनशेच्या वर गेल्यास वाहक प्रथिने पुरी पडत नाहीत आणि गुणोत्तर आजाराविनाही खाली येते, हेही ध्यानात ठेवावे.

नमुन्याचे हाल वेगळेच. ग्लुकोजसाठीचा द्रव फ्लोराईडच्या, म्हणजे करड्या झाकणाच्या नळीत घ्यावा. साध्या नळीत ठेवलेला गढूळ द्रव तासाभराने प्रयोगशाळेत पोचला, तर त्यातल्या पेशी आणि जंतू साखर वापरत राहतात आणि अहवाल खोटा खालावतो. घरच्यांची मोठी धास्ती मात्र कमरेच्या सुईची असते, की त्यामुळे पाय जातील. मज्जारज्जू प्रौढात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात, तिथे फक्त नसांचे तंतू द्रवात तरंगत असतात. तपासणीपूर्वी हे सांगितले तर संमती लवकर मिळते.

कमी साखर एकट्याने निदान करीत नाही. क्रिप्टोकोकस बुरशी, आवरणांवर पसरलेला कर्करोग, मेंदूभोवतीचा रक्तस्राव, क्वचित गालगुंड, आणि ग्लुकोज वाहकाचा जन्मजात दोष यांतही ती उतरते. तशीच साखर सामान्य आली म्हणून क्षय किंवा जिवाणू नाहीत असे म्हणता येत नाही. आधी प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णात तर ग्लुकोज पूर्ववत आणि प्रथिने व पेशी मात्र वाढलेल्या, असा अर्धवट चेहरा दिसतो.

म्हणूनच नागपुरात इतर खुणांचाही शोध झाला. येथील सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधील संशोधकांनी २००६ मध्ये द्रवातील एडीए या विकराची चाचणी तपासली. ११.३९ एकक प्रति लिटर ही सीमा धरल्यास क्षयजन्य मेंदूज्वर ओळखण्यात संवेदनशीलता ८२ टक्के आणि विशिष्टता ८३ टक्के आली. म्हणजे येथेही शंभरांतले सतरा-अठरा निसटतात किंवा चुकीने ओळखले जातात. सीबीनॅट या जनुकीय चाचणीचा होकार भक्कम असतो, नकार तितका नसतो.

अशा स्थितीत ०.२७ गुणोत्तर, लसिका पेशी आणि तीन आठवड्यांचा ताप असलेल्या त्या गृहस्थांचे सीबीनॅट नकारात्मक आले तरी क्षयाची औषधे आणि स्टेरॉइड थांबवू नयेत. काही दिवसांनी एलपी पुन्हा करून पाहतात. तीव्र जिवाणूजन्य आजारात योग्य प्रतिजैविकाने ग्लुकोज बहुधा तीन दिवसांत चढते, क्षयात ते आठवड्यांनी सावरते. ग्लुकोज आणखी उतरत असेल, तर बुरशी आणि कर्करोगाच्या पेशींसाठी अधिक द्रव पाठवून शोध नव्याने सुरू करावा.