जुन्या-नव्या कार्यप्रणालींची तुलना: गिटहबमधील एक प्रकरण

विल्यम मॅककीमन यांनी १९९८ साली 'डिजिटल टेक्निकल जर्नल'मध्ये विभेदक चाचणीवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः कंपायलर होते. एकच प्रोग्रॅम अनेक कंपायलरांस द्यावा, आणि उत्तरे भिन्न आली तर निदान एक तरी चुकत आहे असे समजावे, ही त्यांची पद्धत. योग्य उत्तर कोणते हे आधी माहीत असण्याची तीत गरज नसते. या विचाराचा दुसरा उपयोग असा, की जुना प्रोग्रॅम काढून त्याच जागी नवा बसवावयाचा असता जुन्यालाच मानदंड मानावे. या दुसऱ्या उपयोगाचे एक बोधप्रद उदाहरण गिटहबने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात आढळते.

गिटहबच्या संकेतस्थळावर दोन शाखांचे विलीनीकरण करण्याचे काम पूर्वी शेल-लिपीतून गिटच्याच आज्ञा चालवून होत असे. ते संथ होते. म्हणून `libgit2` या ग्रंथालयावर आधारलेली नवी रचना तयार करण्यात आली. परंतु विलीनीकरण चुकले तर लोकांचे लेखन बिघडते. केवळ हाताने लिहिलेल्या चाचण्यांवर विसंबून बदल करणे धोक्याचे होते. तेव्हा 'सायंटिस्ट' या साधनाचा अवलंब झाला. प्रत्येक खऱ्या मागणीवर दोन्ही रचना चालवावयाच्या, कोणती आधी हे यदृच्छेने ठरवावयाचे, दोहोंची उत्तरे व लागलेला वेळ नोंदवावयाचा, आणि वापरणाऱ्याला मात्र नेहमी जुन्याचेच उत्तर द्यावयाचे. नवी रचना कोसळली तरी तो अपघात नोंदीत राहतो, बाहेर दिसत नाही.

येथे तुलना कशाची करावी हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. गिटमधील कमिटच्या ओळखचिन्हात वेळही समाविष्ट असते. दोन कमिट क्षणभराच्या अंतराने झाल्यास त्यांचा आशय एकच असूनही चिन्हे भिन्न येतील, आणि नोंदवही खोट्या भेदांनी भरून जाईल. तुलना करावयाची ती विलीन झालेल्या फायलींच्या वृक्षाची, आणि कॉन्फ्लिक्ट आला की नाही याची.

मिळालेल्या भेदांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. जुन्या रचनेने एक विलीनीकरण यशस्वी ठरविले होते. नवीने कॉन्फ्लिक्ट सांगून नाकारले होते. नवे तेच चुकले असणार, हा अशा वेळी स्वाभाविक तर्क. पण ती फाइल उघडून पाहता तीत नेमके ७६८ कॉन्फ्लिक्ट निघाले. एका फाइलचे विलीनीकरण करणारी आज्ञा अशी:

```
git merge-file ours base theirs
echo $?
```

ही आज्ञा कॉन्फ्लिक्टांची संख्याच आपली निर्गम-संख्या म्हणून परत करीत असे. शून्य म्हणजे यश. युनिक्समध्ये मात्र निर्गम-संख्येचे खालचे आठच बिट आज्ञा चालविणाऱ्याकडे पोहोचतात, म्हणजे २५६ ने भागून जी बाकी उरेल तीच. ३०० कॉन्फ्लिक्ट असल्यास ४४ येई. संख्या खोटी, तरी शून्य नव्हे, म्हणून निर्णय बरोबर. ७६८ म्हणजे २५६ ची तिप्पट, बाकी शून्य. शेल-लिपीने ते यश मानले. दोष केवळ २५६, ५१२, ७६८ अशा पटींवरच प्रकट होत होता, आणि अशी चाचणी बुद्ध्या लिहिणारा मनुष्य विरळाच.

अर्थात चूक नव्याची नसून जुन्याची, आणि तीही खुद्द गिटची. त्याच वर्षी जेफ किंग यांनी तिची दुरुस्ती केली: निर्गम-संख्या १२७ च्या वर जाऊ द्यावयाची नाही. २५५ ही मर्यादा का नाही, असे कोणी विचारील. परंतु ऋण संख्येने दर्शविलेली त्रुटी आठ बिटांत २५५ होऊन बाहेर पडते, आणि १२८ वरील संख्या शेल सिग्नलने मेलेल्या प्रक्रियांसाठी वापरते.

या प्रकरणाने पद्धतीची मर्यादाही दाखविली. भेद आढळला म्हणजे दोषी कोण हे ठरत नाही; ते फाइल उघडून माणसालाच ठरवावे लागते. कधी जुन्याची चूक उघडी पडूनही ती तशीच राखावी लागते, कारण कोणीतरी तिच्यावर विसंबलेले असते. येथे तसे नव्हते, कारण कॉन्फ्लिक्टच्या खुणा आत राहिलेली फाइल कोणालाच नको असते. शिवाय दोन्ही रचना एकाच गैरसमजावर उभ्या असल्या तर त्या एकमताने चुकतील आणि नोंदवही कोरी राहील. ज्या क्रियेने बाहेरच्या जगात बदल होतो, उदाहरणार्थ पत्र पाठविणे वा पैसे वळते करणे, ती दोनदा चालविताच येत नाही. विलीनीकरण येथे सोयीचे ठरले, कारण गिट वस्तूंना त्यांच्या आशयावरून नाव देतो. तोच वृक्ष दोनदा लिहिला तरी साठ्यात एकच राहतो, आणि शाखेचा निर्देशक हलविला नाही तर दुसऱ्या प्रतीची कोणास बाधा होत नाही.