स्वल्पविराम, करारातील

व्यापारी करारात एक स्वल्पविराम सरकला की अट कोणाला लागू आहे हेच बदलते. रत्नागिरीतील हापूसच्या खरेदी-करारात असे कलम आहे समजा : ‘साक्याची फळे, डागी फळे आणि २०० ग्रॅमखालील फळे, जी पोचेपासून २४ तासांत कळवली जातील, ती बागायतदार परत घेईल.’ ‘जी’च्या आधीचा स्वल्पविराम गाळल्यास मुदत फक्त लहान फळांना चिकटते. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. म्हणजे त्याची तक्रार कधीही येऊ शकते आणि नुकसान बागायतदाराचे.

चूक पकडण्यासाठी अट प्रत्येक घटकाला स्वतंत्र जोडून वाचावी. सर्व घटकांना लागू आणि फक्त शेवटच्या घटकाला लागू, अशी दोन्ही वाचने टिकली, तर चिन्ह हलवून भागत नाही. मुदत वेगळ्या वाक्यात लिहावी.

कायद्याच्या मजकुरातही हाच प्रश्न येतो. महाराष्ट्रातील मोहम्मद शब्बीर खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने औषध कायद्यातील ‘साठा’ या शब्दानंतर स्वल्पविराम नसल्याची दखल घेतली आणि विक्रीसाठी नसलेला साठा त्या कलमाखाली गुन्हा नाही, असे ठरवले. मात्र १९५२च्या अश्विनीकुमार घोष निकालानुसार कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हे गौण ठरतात. शब्द स्पष्ट असतील तर तेच चालतात.