व्हॉट्सॲपवर ‘तलाक, तलाक, तलाक’ आला, तर लग्न मोडतं का? तलाक, खुला आणि पत्नीचे हक्क

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी होती. मोर्चाचे नेतृत्व करणारे हमीद दलवाई हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरजोळीचे, चिपळूणजवळचे. त्यानंतर ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो खटल्यात एका दमातला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला. २०१९ मध्ये संसदेने त्यावर कायदाही केला. तरीही नवऱ्याचा असा संदेश आला की घरात पहिला प्रश्न हाच असतो: आता लग्न संपलं का?

एक प्रसंग समजून घेऊ

समजा, रत्नागिरीतल्या एका महिलेचा नवरा आखाती देशात नोकरीला आहे. फोनवर भांडण होतं आणि रात्री व्हॉट्सॲपवर तीनदा ‘तलाक’ लिहिलेला संदेश येतो. दुसऱ्या दिवशी सासरचे तिला माहेरी पाठवतात. निकाहनाम्यात ठरलेली २५ हजार रुपयांची मेहेर तिला अजून मिळालेली नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे लग्न अजून टिकून आहे. २०१९ च्या मुस्लिम महिला (विवाह हक्क संरक्षण) कायद्यानुसार तात्काळ आणि परत न घेता येणारा तलाक तोंडी, लेखी किंवा मोबाइलवरून, कसाही दिला तरी निरर्थक ठरतो. तो देणाऱ्या नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. ती महिला आजही त्याची कायदेशीर पत्नी आहे.

मग वैध तलाक कोणता?

नवऱ्याने दिलेला प्रत्येक तलाक बेकायदा नसतो. ‘तलाक-ए-अहसन’मध्ये पत्नीची पाळी संपल्यावर, शरीरसंबंध आलेला नसताना, नवरा एकदाच तलाक उच्चारतो. त्यानंतर इद्दत, म्हणजे साधारण तीन पाळ्यांचा काळ, सुरू होते. पत्नी गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत चालते. या काळात नवरा तलाक मागे घेऊ शकतो. घेतला नाही, तर इद्दत संपताच लग्न संपतं. ‘तलाक-ए-हसन’मध्ये तीन उच्चार असतात, पण ते तीन वेगवेगळ्या पाळ्यांनंतर, एकेक करून.

मात्र नुसता उच्चार पुरेसा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात २००२ मध्ये सांगितलं की तलाकला योग्य कारण हवं आणि त्याआधी दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला हवा. हे सगळं नवऱ्याने पुराव्यानिशी सिद्ध करायचं असतं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हीच दिशा घेतली. पोटगीच्या दाव्याला उत्तर देताना ‘मी हिला आधीच तलाक दिला आहे’ एवढं लिहिल्याने तलाक होत नाही, असं त्यात स्पष्ट केलं.

फौजदारी तक्रार केव्हा टिकते?

इथेच अनेकदा गल्लत होते. २०१९ चा कायदा फक्त तात्काळ तलाकसाठी आहे. भुसावळमधल्या एका प्रकरणात नवऱ्याने साक्षीदारांसमोर एकदाच तलाक उच्चारला, नोटीस पाठवली आणि इद्दतीचा काळ जाऊ दिला. पत्नीने गुन्हा नोंदवला. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला, कारण हा ‘अहसन’ प्रकार होता. म्हणून तक्रारीआधी संदेशाचे किंवा नोटिशीचे शब्द नीट वाचावेत: तलाक एकदाच लिहिला आहे की एकदम तीनदा, आणि तो लगेच लागू झाल्याचं म्हटलं आहे का?

आपल्या उदाहरणातला संदेश स्पष्टपणे तात्काळ तलाकचा आहे. तक्रार स्वतः पत्नी किंवा तिचे रक्ताचे वा लग्नाने झालेले नातेवाईक करू शकतात. आरोपीच्या जामीन अर्जावर दंडाधिकाऱ्यांना पत्नीचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तिची इच्छा असेल तर न्यायालयाच्या परवानगीने पुढे तडजोडही होऊ शकते. या कायद्याखालचा गुन्हा फक्त नवऱ्यावर होतो, सासू-सासऱ्यांवर नाही. नवरा परदेशात असेल तर त्याला हजर करण्यात वेळ जातो, म्हणून फक्त याच तक्रारीवर विसंबून राहू नये.

पैसा आणि घर यांचं काय?

घरखर्चासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. २०१९ च्या कायद्यातच पत्नी आणि मुलांसाठी निर्वाहभत्ता मागता येतो आणि अल्पवयीन मुलांचा ताबाही मागता येतो. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा अर्ज ती जिथे राहते तिथेच, म्हणजे रत्नागिरीत करता येतो. त्यासाठी नवऱ्याच्या मागे दुबईला जायची गरज नाही. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस पोहोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदा सांगतो. तलाक झालेल्या मुस्लिम महिलेलाही ही पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं. सासरच्या घरातून बाहेर काढलं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घराचा हक्क मागता येतो.

पुरावा म्हणून तो संदेश पुसू नये आणि फोनही बदलू नये. स्क्रीनशॉटमध्ये नवऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी. न्यायालयात असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे वकील तयार करून देतात.

‘खुला’च्या कागदावर सही करण्याआधी

खुला म्हणजे पत्नीच्या इच्छेने होणारी फारकत. तिच्यात पत्नी साधारणपणे मेहेर परत करते किंवा सोडून देते. दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर त्याला मुबारात म्हणतात. आपल्या उदाहरणात नातेवाईक तिला म्हणू शकतात, ‘तलाक तर झालाच आहे, आता फक्त या कागदावर सही कर.’ तो कागद खुल्याचा निघाला, तर जिने फारकत मागितलीच नव्हती तिच्या नावावर ती लागते आणि न मिळालेले २५ हजारही जातात. म्हणून मेहेर, पोटगी आणि मुलांबद्दल त्यात काय लिहिलं आहे, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

तिलाच वेगळं व्हायचं असेल आणि नवरा तयार नसेल, तर केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यायालयाबाहेरच्या खुल्याला मान्यता दिली आहे. मात्र मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खासगी शरियत मंडळाचं खुला प्रमाणपत्र ग्राह्य धरलं नाही. म्हणून पुढे पुन्हा निकाह करताना अडचण नको असेल, तर न्यायालयाचा आदेश हाच भक्कम कागद. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात नवऱ्याने दोन वर्षं खर्च न देणं, चार वर्षं त्याचा ठावठिकाणा नसणं, क्रूरता अशी कारणं दिली आहेत. त्या मार्गाने लग्न मोडलं तर मेहेरीचा हक्क जात नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. जाताना निकाहनामा, तो संदेश असलेला फोन आणि मुलांचे जन्मदाखले सोबत ठेवावेत.